इन्स्टंटऐवजी ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट किती घ्यायचं?

लादी पावाच्या रेसिपीत ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट सांगितलंय. माझ्याकडे ॲक्टिव्ह ड्राय आहे. किती घालू? आणि ते आधी पाण्यात भिजवायलाच हवं का?

९ ग्रॅम घाला, म्हणजे सपाट ३ छोटे चमचे. आणि हो, भिजवून घ्या.

दोन्हींत यीस्ट तेच, वाळवण्याची पद्धत वेगळी. ॲक्टिव्ह ड्रायचे दाणे जाड असतात आणि वाळवताना त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मेलेल्या पेशींचं कवच जिवंत पेशींभोवती बसतं, ते पाण्यात सुटावं लागतं. इन्स्टंटचे दाणे बारीक, त्यात जिवंत पेशी जास्त, म्हणून ते थेट मैद्यात मिसळलं तरी चालतं. हिशेब सोपा आहे: इन्स्टंटवरून ॲक्टिव्ह ड्रायवर जाताना एक तृतीयांश वाढवायचं, उलट जाताना पाव भाग कमी करायचा. अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने पाव बिघडत नाही, फुगायला थोडा वेळ कमीजास्त लागतो एवढंच.

भिजवायचं पाणी मात्र वेगळं घेऊ नका, रेसिपीतल्या पाण्यातूनच १०० मिली काढा. बऱ्याच जणांचं पीठ इथेच सैल होतं आणि खापर यीस्टवर फुटतं. पाणी ४० ते ४३ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर पाऊण वाटी साध्या पाण्यात पाव वाटी उकळतं पाणी ओता आणि ढवळून मगच यीस्ट घाला. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट येतं, तेव्हा उकळतं जरा कमी घ्या. बोटाला चटका बसत असेल तर थांबा. ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. फ्रिजचं गार पाणीही नको. गार पाण्यात पेशींमधलं ग्लुटाथायोन बाहेर झिरपतं आणि ते ग्लुटेन कमकुवत करतं. मग कितीही तिंबलं तरी पीठ चिकट आणि ढिलंच राहतं.

चिमूटभर साखर घाला, मीठ मात्र मैद्यात. १० मिनिटांत वर मऊ, फुगीर फेस आला की यीस्ट जिवंत आहे. पाणी नुसतं गढूळ होऊन दाणे तळाशी बसले, तर तो मैदा वाया घालवू नका, नवं पाकीट आणा. उघडं पाकीट पावसाळ्यात ओट्यावर ठेवलं तर हमखास असं होतं. घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजरमध्ये ठेवा.

इन्स्टंटला हे भिजवणं लागत नाही. पाकीट जुनं असल्याची शंका असेल तरच तपासणीपुरतं करा.

ॲक्टिव्ह ड्राय जरा सावकाश उठतं. रेसिपीत पहिल्या फुगण्याला एक तास लिहिलाय, तुम्हाला १५-२० मिनिटं जास्त लागू शकतात. घड्याळापेक्षा पीठ दुप्पट झालंय का ते बघा.