गटाचा निर्णय मतदानानं, एकमतानं की अध्यक्षांच्या शब्दानं?

प्रश्न: आमच्या २१ शेतकऱ्यांचा सामाईक पाइपलाइनचा गट आहे. प्रत्येक गोष्टीवर हात वर करून मतदान घेतो, तरी भांडणं मिटत नाहीत, उलट वाढतात. सगळं एकमतानं करावं का? की अध्यक्षांनाच ठरवू द्यावं?

उत्तर:

दादा, आमचाही असाच गट आहे. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. १९ खातेदार, सगळ्यांची मिळून ४६ एकर जमीन, नदीवर दोन मोटारी आणि एकच लाइन. सहा वर्षं मी गटाचा सचिव आहे. तिन्ही पद्धती वापरून झाल्या, त्यातल्या दोन आम्ही आधी चुकीच्या जागी वापरल्या.

तुमचे सगळे निर्णय एका पद्धतीनं होणारच नाहीत. विषय आला की आधी एक गोष्ट विचारा: हा निर्णय ज्याला पटला नाही, तो एकटा तो मोडू शकतो का? पाइपलाइनवर प्रत्येकाच्या बांधावर व्हॉल्व असतो. रात्री दोन वाजता तो अर्धा फेरा फिरवला की ठराव संपला. अशा विषयात बहुमत जिंकून काहीच हाती लागत नाही, कारण हरलेल्याच्या हातात चावी असते.

आमचं पहिलं मोठं भांडण रब्बीच्या पाण्यावरून झालं. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता. नदीची धार बघून जाणत्यांनी अंदाज बांधला की उन्हाळ कांद्याला शेवटपर्यंत पाणी पुरवायचं तर फार तर २५ एकर. कांद्याला दहा-बारा पाणी लागतं, हरभरा दोन-तीन पाण्यावर येतो, हे तुम्ही जाणताच. बैठकीत तीन पर्याय आले. पहिला, ज्याला जेवढा लावायचा तेवढा कांदा लावू द्या. दुसरा, प्रत्येकानं निम्म्या रानात कांदा लावावा, बाकी हरभरा. तिसरा, यंदा कांदाच नको, सगळा हरभरा. हात वर झाले: पहिल्याला ८, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ६. पहिला पर्याय जिंकला.

आता हे आकडे जरा थांबून बघा. पहिल्या पर्यायाचे आठही जण हेडचे, म्हणजे मोटारीजवळचे. पाणी आधी त्यांनाच मिळणार. हरभरा मागणारे सहा टेलचे, त्यांना माहीत होतं की फेब्रुवारीत आपल्यापर्यंत धार पोचत नाही. पण निम्म्या-निम्म्याचा पर्याय या दोन्ही बाजूंना दुसऱ्या पसंतीचा होता. 'निम्मं की पूर्ण' एवढंच विचारलं असतं तर निम्म्याला ११ मतं पडली असती आणि पूर्णला ८. 'निम्मं की सगळा हरभरा' विचारलं असतं तर १३ विरुद्ध ६. म्हणजे समोरासमोर दोघांनाही हरवणारा पर्याय आमच्या मतदानात सगळ्यात शेवटी गेला. शेवटचा गाळून पुन्हा मतदान घेतलं असतं तरी तोच आधी गळाला असता. कोंडोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ साली अशाच जोडी-जोडीनं मतं लावून बघण्यावर लिहून ठेवलं आहे. आम्हाला ते कांदा वाळल्यावर कळलं. तीन किंवा जास्त पर्याय असतील तर एकदाच हात वर करून विषय कधी संपवू नका. दोन-दोन पर्याय समोर ठेवून विचारा.

त्या वर्षी पौषातच रात्री व्हॉल्व उघडायला सुरुवात झाली. टेलच्या एका नानांचा पाऊण एकर कांदा पात पिवळी पडून गेला. ते बैठकीत एवढंच म्हणाले, "माले कोनी इचारं?" त्यांना विचारलं होतं, त्यांनी मतही दिलं होतं. पण अकरा जणांना नको असलेली गोष्ट आम्ही आठ मतांवर ठराव म्हणून लिहिली होती, हे खरं होतं.

पुढच्या वर्षी हाच विषय आम्ही सहमतीनं सोडवला. सहमती म्हणजे सगळ्यांना तोच पर्याय सर्वात जास्त आवडणं नव्हे. 'माझ्या मनासारखं पूर्ण नाही, पण मी हे पाळीन आणि मोडणार नाही', एवढं प्रत्येकानं मनापासून म्हणावं. ते मनापासून आहे की आप्पांकडे बघून मान हलवली आहे, हे ओळखणं हेच खरं काम. आमच्याकडे भाऊबंदकी आणि वडीलधाऱ्यांचा मान, दोन्ही जबर. मोठ्या आप्पांनी सुरुवातीलाच मत सांगितलं की बाकीचे "हो आप्पा" म्हणून मोकळे. म्हणून आम्ही बोलण्याआधी चिठ्ठ्या लिहून घेतल्या: कांदा किती, हरभरा किती, भीती कशाची. मग बोलायला सुरुवात टेलच्या सगळ्यात लहान खातेदारापासून केली. आप्पा शेवटी बोलले. त्यांना हे आधी घरी जाऊन समजावलं होतं, आणि त्यांनी मोठ्या मनानं मानलं.

प्रस्ताव पुन्हा निम्म्या-निम्म्याचाच आला. त्यावर पाच बोटांची खूण घेतली: पाच बोटं म्हणजे पूर्ण पसंत, तीन म्हणजे चालेल, एक म्हणजे मोठी अडचण, मूठ म्हणजे मी हे पाळू शकत नाही. एक मूठ आली. पंचवीस गुंठेवाल्या एका भाऊची. आधी दोघं-तिघं त्याच्यावर चिडले. पण मुठीला 'का नको' असं न विचारता 'यानं तुझं काय नुकसान होतं' असं विचारायचं. त्यानं सांगितलं, निम्मं म्हणजे साडेबारा गुंठे, तेवढ्यात रोपाचा आणि मजुरीचा खर्चही बसत नाही, वर्षाचा पैसा माझा एवढ्याच रानातून येतो.

तिथेच वहीवर हिशेब मांडला. प्रत्येकाला पहिले २० गुंठे पूर्ण कांदा, त्यापुढच्या रानात पाचातले दोन हिस्से. पंचवीस गुंठेवाल्याला साडेबाराऐवजी २२ गुंठे मिळाले. तीन एकरवाल्याचे आधीही ६० गुंठे होते, आताही ६०. चार एकरवाल्याचे ८० वरून ७६ झाले. एकूण कांदा २४ एकरांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या अंदाजात बसणारा. पुन्हा बोटं घेतली, सगळी तीनच्या वर. नुसत्या मतदानात तो भाऊ १८ विरुद्ध १ असा हरला असता, आणि त्याचा व्हॉल्व मात्र त्याच्याच बांधावर राहिला असता.

याला तीन बैठका आणि अकरा दिवस लागले. सहमती महाग असते, म्हणून ती मोजक्या विषयांनाच द्यावी. तिचा एक मोठा धोकाही आहे. एकमत होईपर्यंत जुनंच चालू राहतं, आणि जुन्यात ज्याचा फायदा असतो तो बसल्या बसल्या जिंकतो. हेडच्या माणसानं नुसता वेळ काढला तरी लागणीचे दिवस निघून जातात. म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही लिहून ठेवलं होतं: तिसऱ्या बैठकीपर्यंत सहमती झाली नाही तर १९ पैकी १५ जणांचा होकार पुरेल. ती वेळ आली नाही, पण ही ओळ लिहिलेली असल्यामुळे कुणी ताणून धरलं नाही. भांडण लागल्यावर अशी ओळ लिहिता येत नाही, ती आधीच हवी.

मतदान वाईट नाही. ज्या निर्णयात हरलेल्याचं फार काही जात नाही, तिथे तेच घ्या. बैठक सोमवारी की गुरुवारी, वार्षिक हिशेब कुणी तपासायचा, शेडला पत्रा कोणता घ्यायचा, यावर आम्ही पाच मिनिटांत हात मोजतो. जिथे समोर बोलायची भीती आहे तिथे तर गुप्त मतदानच हवं. गावातलं दारूदुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात बायकांचं उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान होतं, ते चिठ्ठीनं होतं. विकणारा समोर उभा असताना तिथे सहमती कुठून होणार? आणि त्यात हजर असलेल्यांच्या नव्हे, तर एकूण मतदार महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. हे तुमच्या गटालाही लागू करा. २१ पैकी नऊ जण आले आणि पाच मतांनी ठराव झाला, तर तो पाळायला बाकीचे सोळा बांधील कसे वाटतील?

राहिली अध्यक्षांची गोष्ट. मागच्या जानेवारीत आमच्या एका मोटारीचं वायंडिंग जळालं. कांदा गाठ धरत होता. त्या दिवशी बैठक बोलावणं म्हणजे दोन दिवस घालवणं. आमच्याकडे मोटारीचे निर्णय अध्यक्षांकडे, म्हणजे जिभाऊंकडे आहेत, १५ हजारांपर्यंत. पण त्यांनी तीन माणसांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही: वायरमन, टेलचा एक खातेदार आणि पैसे सांभाळणारा. जिभाऊंना नवी मोटार घ्यायची होती. वायरमन म्हणाला, बॉडी चांगली आहे, रिवाइंडिंग करा. टेलवाल्यानं सांगितलं, चार दिवसांपेक्षा जास्त थांबलो तर माझा प्लॉट जातो. संध्याकाळपर्यंत मोटार गाडीत टाकून धुळ्याला गेली. रात्री जिभाऊंनी सगळ्यांना कळवलं की काय ठरवलं, कुणाचं ऐकलं, आणि स्वतःचं नव्या मोटारीचं मत का सोडलं. या पद्धतीत हे शेवटचं सांगणं कधी गाळू नका. ज्याचं मत घेतलं पण मानलं नाही त्याला कारण कळलं नाही, तर पुढच्या वेळी तो खरं बोलत नाही. आणि मनात आधीच ठरलेलं असेल तर विचारायला जाऊच नका, सरळ 'मी ठरवलं' म्हणा. खोटं विचारणं लोकांना लगेच कळतं.

बैठकीत विषय वाचतानाच सांगा: हा सहमतीचा, हा मतदानाचा, हा सल्ल्याचा. आमच्या वहीत प्रत्येक विषयापुढे स, म किंवा ज लिहिलेलं असतं, ज म्हणजे जिभाऊ. चर्चा अर्ध्यावर आल्यावर पद्धत बदलली की ज्याची बाजू पडते त्याला ती चाल वाटते, आणि त्याचं चुकत नाही.

आपल्या भागातली फडाची पद्धत तुम्ही पाहिली असेलच. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे बांधून, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक घेऊन, पाणी पाटकऱ्याच्या हातानं द्यायचं. शेतकरी स्वतः पाणी फोडत नाही. पिकाचा फेर एकदा सगळ्यांनी मिळून ठरवला की रोजच्या पाण्यावर कुणाचं मत लागत नाही. हे बघूनच सहमती झाल्यावर आम्ही १९ व्हॉल्वना कुलपं लावली आणि सगळ्या चाव्या पगारी माणसाकडे दिल्या. त्याला आम्ही पाटकरीच म्हणतो. बारी कुणाची हे त्याच्या खिशातल्या वहीत असतं. त्याचा पगार किती, हे मात्र आम्ही दरवर्षी मतदानानं ठरवतो.