जन्मस्थान आणि आधीचं राहतं ठिकाण: नाशिकचे तक्ते वाचताना

जनगणनेच्या स्थलांतरावरच्या D मालिकेत D-1 तक्ता जन्मस्थानाचा आहे आणि D-2 शेवटच्या राहत्या ठिकाणाचा. नाशिकमध्ये परप्रांतीय किती हे बघायला तू थेट D-1 उघडलास, तिथेच थोडी गफलत झाली.

सातपूरच्या कारखान्यातला एक कामगार घे. जन्म गोरखपूरचा, बारा वर्षं भिवंडीत यंत्रमागावर, तीन वर्षांपासून नाशकात. D-1 मध्ये तो उत्तर प्रदेशचा. D-2 मध्ये मात्र महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, मुक्काम १ ते ४ वर्षं. माणूस एकच, दोन्ही नोंदी खऱ्या. पण नाशिकला तो भिवंडीने दिला, हे D-1 कधीच सांगणार नाही.

उलटंही होतं. नाशकात जन्मलेली मुलगी नोकरीला पुण्यात राहून परतली, तर D-1 मध्ये ती स्थलांतरित नाहीच. D-2 मध्ये आहे. म्हणून D-2 चा एकूण आकडा सहसा मोठा येतो, आणि तो फरक मुख्यतः अशा परतलेल्यांचा.

आणखी एक मेख आहे, आणि मीही तिला फसलो होतो. बाळंतपणाला सून माहेरी निफाडला गेली, बाळ दोन महिन्यांचं होऊन नाशकात आलं, की तेही स्थलांतरित! दोन्ही तक्त्यांत. त्यामुळे स्थलांतराची कारणं देणाऱ्या D-3 तक्त्यामधलं ‘जन्मानंतर हलवलेले’ हे कारण आधी वेगळं काढ. लग्नाचंही तसंच. मग उरलेल्यांतले रोजगारासाठी आलेले घे, त्यांचा मुक्काम बघ.