काल म्हापशाला गेलो होतो

"ताई, ह्यांनी दारू सोडून पाच महिने झाले. तरी सकाळचं दुपारी आठवत नाही. विचारलं तर धडधडीत खोटं सांगतात. चालतातही अजून प्यायल्यासारखे. हे नाटक आहे का?"

फोंडा तालुक्यातल्या एका वहिनींचा हा प्रश्न. व्यसनात सापडलेल्या घरांबरोबर काम करताना थोड्याफार फरकाने मी तो डिचोलीत ऐकला आहे, वाळपईतही. प्रत्येक वेळी विचारणाऱ्या बाईच्या आवाजात चीड असते आणि चिडीच्या खाली भीती असते. (घर ओळखता येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वहिनींचे यजमान, भाऊ, बावन्न वर्षांचे, खाणीवर टिपर चालवणारे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा पिणं वाढलं असं घरचे सांगतात. खरं म्हणजे रोजची क्वार्टर त्याआधीपासूनच होती, नंतर ती सकाळपासून सुरू झाली एवढंच. जेवण सुटत गेलं. गेल्या चतुर्थीच्या आधी आठ-दहा दिवस उलट्या होत होत्या, पोटात फक्त फेणी आणि पाणी. पाय फाकवून, भिंतीला धरून चालायला लागले. "जास्त झाली असेल," असं सगळ्यांना वाटलं. कारण घरात तसं चालणं नवं नव्हतं.

नवं होतं ते वेगळंच. दोन दिवस एक थेंब पोटात गेला नव्हता, तरी चाल तशीच होती. दारूची झिंग रात्री झोपल्यावर सकाळी उतरते, ही उतरत नव्हती. गोंधळ वाढत होता, देवघराला स्वयंपाकघर समजत होते. थोरला मुलगा म्हणाला होता की बाबांचे डोळे बाजूला नेले की थरथरतात. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी गुंगी वाढली, तेव्हा बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं आणि तिथे शिरेतून बी १ सुरू झालं.

बी १ म्हणजे थायमिन. ग्लुकोजपासून ताकद काढायला पेशीला ते लागतंच. चुलीत लाकडं रचलेली असावीत आणि काडेपेटीच नसावी, तसं त्याच्याविना ग्लुकोजचं होतं. मेंदूचा मुख्य आधार ग्लुकोजच, म्हणून पहिला फटका त्याला बसतो. शरीरातला साठा जेमतेम तीस मिलिग्रॅम. जेवण तुटलं तर दोन-तीन आठवड्यांत तो आटतो. पिणाऱ्याचं दुखणं असं की जेवण कमी, जे खाल्लं त्यातलं आतडं कमी शोषतं, यकृत साठा नीट धरत नाही आणि मॅग्नेशियम खालावल्यामुळे जे उरलं तेही कामाला येत नाही. आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेत बी १ असतं, पण पेजेची वाटी ज्याने सहा महिने हातात घेतली नाही त्याला त्याचा काय उपयोग? आणि अशा उपाशी शरीरात बी १ न देता नुसतं ग्लुकोज ओतलं, तर उरलंसुरलंही त्यातच खर्च होतं. साखर घसरली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, बी १ सोबतच द्यायचं असतं.

मेंदूचे जे भाग आधी विझतात ते नेमके डोळ्यांची हालचाल, तोल आणि नवी आठवण साठवणं सांभाळणारे. म्हणून गोंधळ, डगमगती चाल आणि डोळ्यांची थरथर ही तिन्ही लक्षणं एकाच कारणाची. १८८१ मध्ये वेर्निके या जर्मन डॉक्टरने ती मांडली, तिन्हींचं कायमचं शेपूट म्हणजे कोर्साकॉफने वर्णिलेला स्मृतिभ्रंश. तिन्ही एकत्र दिसलीच पाहिजेत असं नाही, बहुतेकांत दिसतही नाहीत. एखाद-दुसऱ्यावरच संशय घ्यावा लागतो.

वेळेत औषध मिळालं तर डोळे तासा-दिवसांत सुधारतात, गोंधळ काही दिवसा-आठवड्यांत निवळतो, चाल महिने घेते. आठवण मात्र अनेकांची पूर्ण परत येत नाही. भाऊंना उशीर झाला होता.

आता वहिनींचा प्रश्न. मी घरी गेले. पहिल्या भेटीत विचारलं, "भाऊ, काल काय केलंत?"

"काल म्हापशाला गेलो होतो. चतुर्थीचं सामान आणलं, माटोळीची फळं."

वहिनी उसळल्या, "शिमगा तोंडावर आला, ह्यांची चतुर्थी! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, ह्या खोट्यातून त्यांना काय मिळतं?"

त्या गप्प झाल्या. दारूच्या काळात ते खोटं बोलत तेव्हा पैसे मिळत, बाटली लपवता येई. म्हापशाच्या बाजाराचा फायदा काय?

मी पाणी पिऊन अंगणात गेले, दहा मिनिटांनी परत आले. भाऊ उठले, हसून म्हणाले, "या, बसा. कुठून आलात?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी कोपऱ्यातलं घुमट, आरतीला वाजवायचं वाद्य, त्यांच्या हातात दिलं. बोटं सरळ चालायला लागली, आरतीचा ठेका एकदाही चुकला नाही. थोड्या वेळाने विचारलं, वाजवलंत का? "छे, कित्येक वर्षांत हात लावला नाही."

माझ्या मते सगळी गाठ तिथे सुटली. हातांची शिकलेली सवय वेगळ्या जागी राहते, ती वाचली होती. जुन्या चतुर्थ्या बऱ्याच वाचल्या होत्या. कालचा दिवस साठलाच नव्हता, आणि रिकाम्या जागी मन जुन्या आठवणीचं ठिगळ लावत होतं. त्यांना स्वतःला ते ठिगळ वाटत नव्हतं. वहिनी रडल्या, "मी पाच महिने ह्यांना खोटारडा म्हणतेय."

मी व्यसन असलेल्या माणसापेक्षा घराकडे आधी बघते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या काहींना ते पटत नाही, पण इथे घरच बदलायचं होतं. "आठवतंय का?" ही परीक्षा बंद केली. उत्तर आधी देऊन टाकायचं: "आज सोमवार, थोरला मडगावला गेलाय." दाराशी पाटी, वस्तू रोज त्याच जागी, रोज तोच क्रम. चुकत चुकत शिकणं अशा माणसाला जमत नाही, चुकच पक्की होते. बरोबर तेच पुन्हा पुन्हा दाखवलं तर सवय लागते. डॉक्टरांनी दिलेली बी १ ची गोळी, जेवण आणि दारू पूर्ण बंद, यावर वर्ष-दोन वर्षं थोडी सुधारणा होत राहू शकते.

ज्यांच्या घरी माणूस अजून पितोय, त्यांच्यासाठी एवढंच. जेवण सुटलंय, वजन उतरलंय, उलट्या आहेत आणि न पिताही चाल डगमगते किंवा बोलणं भरकटतं, तर सकाळची वाट बघत थांबू नका. इस्पितळात गेल्याबरोबर सांगा, "रोज पितात, इतके दिवस जेवलेले नाहीत, बी १ द्यायचं का?" अशा वेळी गोळ्या पुरत नाहीत, कारण आतडं एका वेळी फार थोडं घेतं, शिरेतूनच द्यावं लागतं. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

परवा वहिनींचा फोन आला. "ताई, विचारणं सोडलंय. मी सांगते, काल आपण परसात भेंडी लावली. ते म्हणतात, हो का? मग बघायला जातात."