जड कुऱ्हाड की हलकी तलवार?

"गेममध्ये कुऱ्हाडीचा घाव मोठा, तरी बॉससमोर मीच का मरतो?"

घाव घातल्यानंतरच्या वेळेमुळे. समजा स्टॅमिना 100 आहे. कुऱ्हाडीचा घाव 35 खातो आणि 300 डॅमेज देतो. तलवारीचा 15 खातो, 120 देतो. म्हणजे स्टॅमिनाच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखीच. पण कुऱ्हाड खाली आल्यावर पात्र क्षणभर अडकतं. तेवढ्यात रोल करून हल्ला चुकवता येत नाही, स्टॅमिनाही सहसा भरत नाही. आमच्या दापोलीकडे लाकडात रुतलेली कुऱ्हाड उपसावी लागते, कोयता लगेच वर येतो; तसंच हे.

म्हणून बॉसचा लांबलचक हल्ला संपला की एकच घाव घाला आणि रोलपुरता स्टॅमिना राखा. तलवारीने त्याच फटीत दोन घाव बसत असतील, तर तिथे कुऱ्हाडीचा फायदा फारच थोडा उरतो. तिची खरी ताकद शत्रूचा तोल मोडण्यात आहे.