शेंडेफळाला पत्र: घर सोडण्याआधीचे आठ आठवडे

प्रिय शेंडेफळास,

तू गेल्यावर आई-बाबांना सावरायला काय करता येईल, असं विचारलं आहेस. त्यातलं 'गेल्यावर' तेवढं खोडून टाक. करण्यासारखं बरंचसं तू घरात असतानाच करायचं आहे, आणि त्यासाठी तुझ्या हाती अजून आठ आठवडे आहेत.

थोरली दोघं बाहेर पडली तेव्हाही घर हललं होतंच. पण तू मागे होतीस म्हणून दिवसाचं वेळापत्रक टिकलं. शेवटचं मूल निघतं तेव्हा माणूस जातंच, त्याच्यासोबत ते वेळापत्रकही जातं. म्हणून या दुःखाचे ठरावीक तास असतात. दिवस बरा जातो आणि संध्याकाळी सात वाजता, तुझ्या चपला दाराशी वाजायच्या त्या वेळी, घर अंगावर येतं.

हे तास आधी ओळखायचे. एक कागद घे, आईचा एक रकाना आणि बाबांचा एक. सात दिवस त्यात लिही, तुझ्यामुळे कोण काय करतं आणि किती वेळ. बारीकसारीक गोष्टीही धर: उठवायला मारलेल्या हाका, तू येईपर्यंत जेवायचं थांबणं, रात्री तुझ्या खोलीतला दिवा विझला की नाही हे जाता जाता पाहणं. समजा आईच्या रकान्यात रोजचे अडीच तास निघाले आणि बाबांच्या रकान्यात पंचवीस मिनिटं. मग आई पहिल्याच आठवड्यात रडेल आणि बाबा ठीक दिसतील. यावरून कोणाचं प्रेम जास्त ते ठरवू नकोस. आईच्या दिवसाला अडीच तासांचं भगदाड पडलंय, बाबांच्या दिवसाला फट. बाबांना ते पुष्कळदा उशिरा जाणवतं, आणि तेव्हा ते रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडचिड होते, किंवा कामावरून घरी यायची वेळ हळूहळू पुढे सरकते.

कागद तयार झाला की तो आईला दाखवू नकोस, हिशेब मांडल्यासारखं वाटेल. त्यातली कामं एकेक करून स्वतःकडे घे. पहिल्या आठवड्यात उठणं, तिसऱ्यात कपडे, पाचव्यात 'माझ्यासाठी जेवायला थांबू नका'. सगळं एका दिवसात काढून घेतलंस तर आईला वाटेल तू रुसली आहेस. असं सुटत गेलं तर निघायच्या दिवशी अडीच तासांतला तासभर आधीच मोकळा झालेला असेल, आणि त्या तासाचं काय करायचं हे आईने थोडंफार शोधलेलं असेल.

एका गोष्टीने मात्र घरं हमखास फसतात: स्वयंपाकाचं माप. ते डोक्यात नसतं, हातात आणि भांड्यात असतं. तीन माणसांचं भांडं चुलीवर चढलं की हात तीन माणसांचंच घालतो. उरलेलं पाहून रोज रात्री तुझी आठवण निघते, वर अन्न वाया गेल्याची खंत. 'कमी कर' असं सांगून काही होत नाही. जाण्याआधी नेहमीचं मोठं भांडं वरच्या फळीवर ठेव आणि त्याहून लहान हाताशी ठेव. हात भांड्याचं ऐकतो.

आता सगळ्यात अवघड भाग. तुझ्या घरात तू निरोप्या आहेस. 'बाबांना सांग, शनिवारी पाहुणे आहेत.' 'आईला विचार, किल्ल्या कुठे ठेवल्यात.' दोघं दहा पावलांवर असतात आणि निरोप तुझ्यामार्फत जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबातल्या या रचनेला त्रिकोण म्हटलं. दोन माणसांमधला ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये घेतात आणि ताण पेलण्याजोगा होतो. तुझ्या घरात तिसरा कोपरा तू आहेस. तो निघाला की ताण पुन्हा दोघांमध्ये येतो, नाहीतर ती दोघं नवा तिसरा शोधतात: टीव्ही, एखादं भावंड, ऑफिस, किंवा फोनवरची तूच.

म्हणून हे पद निघण्याआधीच सोड. एक आठवडा नुसतं मोज, दिवसाला किती निरोप तुझ्या हातून जातात. समजा नऊ निघाले. दुसऱ्या आठवड्यापासून घरगुती, बिनविषारी निरोप परत कर: 'ते आतच आहेत, तूच विचार ना.' आवाज साधा ठेव, त्यात शिकवण येऊ देऊ नकोस. पहिले काही दिवस घर जास्त गप्प होईल. किल्ल्या सापडणार नाहीत, पाहुणे येणार आहेत हे बाबांना शनिवारी दुपारी कळेल आणि थोडी वादावादी होईल. इथेच मुलं घाबरतात आणि पुन्हा मध्ये पडतात. तू पडू नकोस. दोन-तीन आठवड्यांत किल्ल्या-पाहुण्यांचे निरोप थेट जाऊ लागतात. जुने, खोल वाद यातून सुटत नाहीत, आणि ते सोडवणं तुझं कामही नाही. पण रोज किल्ल्यांबद्दल बोलणाऱ्या दोघांना कधीतरी दुसऱ्या विषयावर येणं सोपं जातं.

याला एक अपवाद आहे. घरात मारहाण किंवा एकाला दुसऱ्याची भीती असेल, तर यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता बघायची, आणि बाहेरची मदत लागते.

तू गेल्यानंतर हेच काम फोनवरून परत यायला बघेल. आई फोनवर बाबांची तक्रार सांगेल, अर्ध्या तासाने बाबा आईची. दोघांनाही एकच वाक्य: 'हे तू त्यांना सांगितलंस का?' आणि मग दुसरा विषय. हे कोरडं वाटेल हे मला माहीत आहे. पण तू तासभर ऐकून घेतलंस तर बोलणाऱ्याचं मन हलकं होईल आणि जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलायचं होतं तिथे ते कधीच पोचणार नाही.

फोनचं वेळापत्रकही आधीच ठरव. बरीच मुलं पहिल्या महिन्यात अपराधीपणातून दिवसभर मेसेज करत राहतात, नंतर व्यग्र होतात आणि उत्तर कधी दोन मिनिटांत, कधी नऊ तासांनी जातं. याइतकं घरच्यांना फोनला चिकटवणारं दुसरं काही नाही. कधी मिळेल ते ठाऊक नसलेलं बक्षीस माणसाला सर्वांत जास्त वेळा हात पुढे करायला लावतं. जुगाराची मशिनं त्यावरच चालतात. आई दर दहा मिनिटांनी फोन उघडते आणि 'लास्ट सीन' वाचत बसते, त्यात तिचा दोष नाही.

त्यापेक्षा आठवड्यातून दोन फोन, वार आणि वेळ ठरलेली, वीस-पंचवीस मिनिटांचे. बाकीच्या दिवशी ठरलेल्या वेळी एक ओळ, एखादा फोटो चालेल. फोन जमणार नसेल तर आधी ओळ टाकायची. आणि तिघांमध्ये एक खूण ठरवा: लागोपाठ दोन फोन म्हणजे तातडीचं, एकच असेल तर सवडीने. ही खूण नसेल तर न उचललेला प्रत्येक फोन अपघात वाटतो.

बाबांचा वेगळा विचार कर. पुष्कळ घरांत बाबा फोन उचलतात, 'बरी आहेस ना?' विचारतात आणि 'थांब, आईला देतो' म्हणतात. पंधरा दिवसांतून एकदा फक्त त्यांना फोन कर, त्यांना खरंच येत असलेल्या गोष्टीसाठी: गळका नळ, भाड्याचा करार, बँकेचा एखादा अर्ज. खोटी गरज काढू नकोस, ती लगेच ओळखू येते.

'आता तुम्ही दोघं भरपूर फिरा' असा सल्ला मुलं जाता जाता देतात. मी देणार नाही. 2008 साली अमेरिकेतल्या एका दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मुलं घराबाहेर पडल्यावर स्त्रियांचं वैवाहिक समाधान वाढलेलं दिसलं, पण दोघांनी एकत्र घालवलेला वेळ वाढला म्हणून नव्हे. असलेला वेळ जास्त आनंदात जाऊ लागला म्हणून. वर्षानुवर्षं तुझ्यामार्फत बोललेल्या दोघांना दहा दिवसांच्या सहलीवर पाठवलंस तर चौथ्या दिवशी ती तुलाच फोन करतील. आठवड्यातून एक तास, दोघांनाही नवी असलेली एखादी गोष्ट पुरते. नवी अशासाठी, की जुन्या गोष्टीत एक जण आधीच वस्ताद असतो आणि दुसरा चुका ऐकत बसतो.

खोलीबद्दल थोडक्यात. जे टाकायचं ते तू स्वतः टाकून जा, ठेवायचं ते एका कपाटात लाव आणि बाकीची खोली वापरायला मोकळी आहे असं तोंडाने सांग. सांगितलं नाहीस तर तिचं देवघर होईल.

आता साधी हुरहूर कुठे संपते आणि काळजीचं कारण कुठे सुरू होतं ते. 'रिकामं घरटं' हा काही आजार नाही, निदानाच्या अधिकृत याद्यांमध्ये तो नाही. रडू येणं, चुकून तिसरं ताट काढणं, काही आठवडे हुरहूर लागणं, हे सगळं चालतं. पण दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज आणि दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न असेल किंवा आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, आणि जोडीला झोप, भूक किंवा लक्ष बिघडलं असेल, तर त्याला 'तुझी आठवण' म्हणून सोडू नकोस. फोनवर हे कळतं. उत्तरं आखूड होतात, पहाटे तीन-चारला जाग येते असं ओझरतं सांगितलं जातं, नेहमीच्या मैत्रिणीचं नाव निघेनासं होतं. आईचं हे वय बहुधा रजोनिवृत्तीच्या आसपासचं असतं, साधारण 45 ते 55. थायरॉइडच्या तक्रारीही अशाच दिसू शकतात. म्हणून आधी डॉक्टरकडे तपासणी, मग गरज असेल तर समुपदेशन. जगून काय करायचं अशी भाषा कानावर आली तर मात्र दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी हालचाल करायची.

पहिल्या सुट्टीत घरी येशील तेव्हा चार दिवस सगळं जुन्यासारखं होईल, आणि तू परत निघालीस की आई पुन्हा दोन-चार दिवस ढासळेल. केलेलं सगळं फुकट गेलं असं समजू नकोस. दुसरा निरोप असाच असतो. त्या सुट्टीत वरच्या फळीवरचं मोठं भांडं खाली आलं असेल, ते जाताना परत वर ठेवून जा.

आणि कधीतरी ठरलेल्या वेळी तू फोन करशील आणि कोणी उचलणार नाही. मागाहून एक ओळ येईल: 'बाहेर आलोय, उद्या बोलू.' लगेच दुसरा फोन करू नकोस.

तुझी,
मावशी