इंग्रजी ‘गो’चं ‘वेंट’ आणि आपल्या ‘जाणे’चं ‘गेला’ असं एकदम वेगळं रूप का होतं? ते कालांतराने सरळ का झालं नाही?

कारण दोन्हीकडे दोन वेगळे धातू एकाच क्रियापदात एकत्र आले आहेत. आपलं ‘जातो’ संस्कृत ‘या’ (याति) वरून आलं, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’वरून, पुढे प्राकृतातला ‘-इल्ल’ लागून. इंग्रजीत ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ (वळणे, वाट धरणे) या क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’चं जुनं भूतकाळी रूपही वेगळ्याच धातूचं होतं, त्याची जागा सुमारे १५०० पर्यंत ‘वेंट’ने घेतली.

ही रूपं टिकतात ती सततच्या वापरामुळे. मूल ‘गेला’ दिवसातून इतक्यांदा ऐकतं की नियम लावून रूप घडवायची वेळच येत नाही, ते तयार शब्द म्हणून पाठ होतं. इंग्रजी मुलं मध्येच ‘गोड’ (गो + ड) म्हणतात, पण ‘वेंट’ कानावर पडत राहिल्याने सुधारतात. क्वचित वापरातलं अनियमित रूप मात्र विसरलं जातं आणि नियमित होतं. ‘गुड–बेटर’ही असंच सततच्या वापरामुळे टिकलंय.

एक खबरदारी: प्रत्येक विचित्र रूप या प्रकारातलं नसतं. ‘करणे–केला’, ‘मरणे–मेला’ वेगळे दिसले तरी धातू एकच आहे (कृत, मृत). तिथे फक्त उच्चार झिजलाय.