टोटल कोलेस्टेरॉल २२८ आलंय, तेल-तूप बंद करून भागेल का?

प्रश्न : वय ४६, पुरुष. टोटल कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३६, एलडीएल १४४, ट्रायग्लिसराइड्स २४०. डॉक्टर म्हणाले, तूर्त गोळी नको, आहार बदला. तेल-तूप बंद केलंय. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये दुखणी दोन आहेत, वाढलेलं एलडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, आणि तुपाचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते रक्तातून कणांमध्ये बसून फिरतं. एलडीएलचे कण जास्त झाले की धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात, म्हणून ते वाईट. एचडीएल जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं, म्हणून ते चांगलं. ‘टोटल’मध्ये चांगलं-वाईट सगळंच एकत्र मोजलेलं असतं. त्यापेक्षा टोटलमधून एचडीएल वजा करा : २२८ − ३६ = १९२. हे ‘नॉन-एचडीएल’, म्हणजे धमनीत साचू शकणारं सगळं. ते साधारण १३०च्या आत हवं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आणखी खाली.

एलडीएल वाढवते ती संपृक्त चरबी : तूप, लोणी, साय, खोबरं, वनस्पती तूप, फरसाण-बिस्किटांतलं पाम तेल. तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला आळस करतं. शेंगदाणा किंवा करडईचं तेल मात्र पूर्ण बंद करायची गरज नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर चालेल. (बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, वनस्पतीच्या तेलात ते नसतंच म्हटलं तरी चालेल.) सोबत रोज वाटीभर उसळ किंवा ओट्स घ्या. त्यातला विरघळणारा चोथा थोडं कोलेस्टेरॉल शौचावाटे बाहेर काढतो.

ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, ते १५०च्या खाली हवेत. ते वाढतात साखर, मैदा, ताटभर भात, फळांचे रस आणि दारूने, कारण उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं. नेमकी इथेच गफलत होते. तूप सुटलं म्हणून माणूस दोन पोळ्या जास्त खातो, चहासोबत मारी बिस्किटं घेतो, आणि तीन महिन्यांनी एलडीएल थोडं उतरलेलं पण ट्रायग्लिसराइड्स चढलेले दिसतात. भात एक वाटी, चहा बिनसाखरेचा, दारू बंद. सुरुवात इथून करा. एचडीएल कुठल्या एका पदार्थाने वाढत नाही. ट्रायग्लिसराइड्स उतरले, वजन घटलं, रोज अर्धा तास भरभर चालणं झालं की ते हळूहळू वर येतं.

तपासणी तीन महिन्यांनी करा, रात्रभर १०-१२ तास उपाशी राहून. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स वाढतात, आणि बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात : टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. तुमचं १४४ असंच आलंय (२२८ − ३६ − ४८). ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेले तर हा हिशेब चुकतो, तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा. एकदा थायरॉइडची टीएसएच तपासणीही करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर पथ्य पाळूनही एलडीएल हटत नाही.